राँग नंबर

मेसेज रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी आलेला होता. लाँड्रीवालीने तो सकाळी साडेसहाला, दुकानाचं शटर वर करून बॉयलर तापत ठेवल्यावर वाचला. कॉलेजातल्या मैत्रिणीचा, भिंगरीचा मेसेज होता. पूर्णविराम नाही, अक्षरं एकमेकांत घुसलेली, दोन ठिकाणी निव्वळ अगम्य. म्हणजे बाईसाहेब भरपूर प्यायल्या होत्या.

'झोपलीस का नको उठूस आज पण गाडी चालवत आले कुठल्या रस्त्याने आले आठवत नाही गेट उघडं होतं की मी उघडलं ते पण नाही ताई बोलली तर तिला ब्लॉक केलं मी तू कधीच काही बोलत नाहीस तू सकाळी राँग नंबर पाठवशील मग मी परत मोकळी'

लाँड्रीवालीचा अंगठा सवयीने चालू लागला होता. 'रा' एवढंच टाइप केलं आणि पुढचे शब्द कीबोर्डनेच पुढे केले. तिने फोन काउंटरवर उलटा ठेवला.

नियम कॉलेजातला होता. रात्री दारूच्या भरात कोणी काही लिहिलं, तर दुसरीने सकाळी 'राँग नंबर' एवढंच पाठवायचं. मग लिहिणारीने आपला मेसेज डिलीट करायचा आणि विषय संपला. तेव्हा एका केमिस्ट्रीच्या सरांवरचं प्रेम आणि एकदा रूममेटच्या वडिलांवरचं, असल्याच भानगडी असायच्या. नियम दोघींचा होता. पण अठरा वर्षांत वापरत एकटी भिंगरीच आली होती.

चाळीस शर्टांना टॅग लावून झाल्यावर तिने पुन्हा फोन घेतला आणि चॅटमध्ये 'राँग नंबर' शोधलं. बाण दाबत वर वर गेली. या वर्षात एकोणीस वेळा. प्रत्येकाच्या डोक्यावर तीच करडी ओळ, 'हा मेसेज डिलीट केला होता'. त्या एकोणीस रात्री भिंगरीने काय काय लिहिलं होतं, ते आता तिला धड आठवेना. उरलं होतं ते फक्त तिचं स्वतःचं उत्तर. तिला भयंकर राग आला. रात्री हिने ओकायचं आणि सकाळी मी पुसायचं! दुकानात दिवसभर दुसरं काय करते मी?

आठ वाजता भिंगरीचा पुढचा मेसेज आला.

'ए बये, रात्री काहीतरी बरळले वाटतं. पाठव की लवकर, ऑफिसला निघायचंय.'

वाचल्याच्या निळ्या खुणा तिकडे उमटल्याच होत्या, त्यामुळे पाहिलंच नाही असं म्हणायची सोय नव्हती. तिने लिहायला घेतलं. आधी एक लांबलचक झाडाझडती. वाचून पाहिली तर हुबेहूब भिंगरीच्या ताईची भाषा. ताईने हेच लिहिलं होतं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या फोनवरून भिंगरीचा फोटो गेला, मेसेजला एकच खूण येत राहिली. सगळं खोडलं. मग 'काळजी घे' लिहिलं. सर्दी झालेल्याला सांगतात तसं. तेही खोडलं.

'काय निबंध लिहितेयस?' भिंगरीने विचारलं. तिकडे दिसत होतं की इकडे टायपिंग चाललंय.

नवरा डबा द्यायला आला. तिचं तोंड पाहून त्याने स्क्रीनवर नजर टाकली. "पाठवून टाक ना नेहमीचं. सकाळी सकाळी कटकट कशाला?"

"एकोणीस वेळा पाठवलंय."

"मग विसावं. तिलाही बरं, तुलाही बरं."

त्याचंच खरं होतं, आणि म्हणूनच ती आणखी चिडली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक पांढरा शर्ट घेऊन आलं. छातीवर तपकिरी डाग. तिने कापड उजेडात धरलं, बोटाने चाचपलं.

"यावर इस्त्री केलीत?"

"घाईत होतो. म्हटलं, कडक इस्त्री केली की दिसणार नाही."

"किती वेळा?"

"दोन-तीनदा झाली असेल."

"आल्या आल्या आणला असता तर निघाला असता. उष्णतेनं डाग पक्का बसतो हो," ती जरा जास्तच जोरात म्हणाली. गिऱ्हाईक दचकलं. "प्रयत्न करते. शब्द देत नाही."

ते गेल्यावर तिने उभ्याउभ्याच टाइप केलं आणि परत न वाचता पाठवलं.

'मेसेज मलाच होता. पोचला, पूर्ण वाचला. संध्याकाळी सातला येते. गाडीची किल्ली काढून ठेव.'

दोन खुणा. लगेच निळ्या. भिंगरी ऑनलाइन होती. मग टाइप करू लागली, थांबली, पुन्हा करू लागली, थांबली. लाँड्रीवाली तिच्या गोल फोटोवर डोळे लावून उभी राहिली. आता जाईल. हसरा, गॉगलवाला फोटो जाईल, अठरा वर्षं जातील. बॉयलरची शिटी वाजली तरी तिला हलता येईना.

फोटो राहिला. भिंगरी ऑफलाइन गेली.

मग परत ऑनलाइन आली, एक मेसेज लाँड्रीवालीच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला आणि त्याच्या जागी करडी ओळ आली. तिने घाईघाईने वर सरकवलं. गेला होता तो सकाळचा, 'पाठव की लवकर' म्हणणारा.

रात्रीचा, चुकांसकट, तिथेच होता.