पहिल्या नाचाआधीची चिठ्ठी

त्यांच्या गावची रीत अशी, की पंधराव्या वाढदिवसाला मुलीच्या पायात पहिले उंच टाचांचे बूट बापाने घालायचे आणि पहिला नाचही त्यानेच नाचायचा. इत्सेलचा बाप अन्सेल्मो ती चार वर्षांची असतानाच गेला होता. इतकी वर्षं हसतखेळत वाढलेली पोर, वाढदिवसाचा झगा शिवून घरी आला तशी दार लावून रडत बसली.

अन्सेल्मोची आई, आजी एउफ्रोसिना, चिठ्ठी लिहायला बसली.

"लिही ना, बाबा वरून बघतोय," आत्या म्हणाली.

"तिला वरचा नकोय, इथला हवाय. तू जा, चुलीवर मक्याचे तमाल वाफवायला ठेवलेत, खालचं पाणी आटलंय का बघ!"

वेड्यावाकड्या अक्षरांत आजीने लिहिलं, "पोरी, अन्सेल्मोला नाचता येत नव्हतं. लग्नात त्याने तुझ्या आईचा पाय असा तुडवला, की ती लंगडत घरी आली. मग तुला आपल्या पावलांवर उभी करून तो या नाचासाठी शिकायचा. तुला आठवत नसेल, मला आठवतं. माझ्याबरोबर नाच, रडू आलं तर मधेच थांबू. नाचायचं नसेल तरी चालेल. बूट तुझ्या पायात मी घालीन." चिठ्ठी तिने इत्सेलच्या दाराखालून आत सरकवली.

शनिवारी, वाढदिवसाच्या सोहळ्यात, कुणापुढे कधी न वाकलेली आजी सगळ्या गावासमोर गुडघ्यांवर बसली. बूट चढले. डोळे पुसत इत्सेल उठली, आजीचा हात धरून नाचू लागली आणि दुसऱ्याच गिरकीला तिची टाच आजीच्या पायावर आली.

"अगं आई गं!" आजी कळवळली, आणि मग ताठ मानेने सगळ्यांना ओरडून म्हणाली, "बघा रे, आला माझा अन्सेल्मो!"