डावीकडची कमान

बद्रीनाथने काळ्या कापडात डोकं घालून पुन्हा पाहिलं. कॅमेऱ्याच्या पेटीमागच्या दुधी काचेवर वडवणीच्या मशिदीचं आतलं दालन उलटं उतरलं होतं. छत खाली, फरशी वर. खांबांमागे खांब, कमानींमागे कमानी, आणि पार मागे भिंतीतला नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, मेहराब. मधल्या रांगेतली डावी कमान उजवीपेक्षा अरुंद होती. त्याने काचेला दोरा लावून मापलं. फरक जवाएवढा होता, पण होता.

"काय दिसतंय?" वाहेदने विचारलं.

"डावी लहान दिसती."

वाहेद खाली बसला. या कमानी त्याच्या थोरल्या भावाने, मैनुद्दीन मिस्त्रीने उभ्या केल्या होत्या. डावी अर्धी झाली असताना मिस्त्री परांचीवरून पडला आणि कमरेखालचं अंग गेलं. वरचे दगड वाहेदने बसवले. तेव्हापासून मिस्त्री खाटेवर पडून एकच म्हणायचा, ती कमान आखडलीय, तुमी लपवताय. कुणी कितीही सांगितलं तरी पटत नव्हतं. म्हणून वाहेदने बीडहून हा फोटोवाला आणला होता.

"पेटी जरा फिरवा की," वाहेद हळूच म्हणाला. "सारखी दिसंल."

"दिसंल. पण मग फोटो माझा हुईल, कमान तुझी ऱ्हाणार न्हाई."

बद्रीनाथ गुडघ्यावर बसला. सकाळीच त्याने समोरासमोरच्या खांबांना दोरी लावून, ती दुमडून, प्रत्येक रांगेचा मध्य काढला होता आणि ते मध्य जोडत मेहराबीपर्यंत खडूची रेघ मारली होती. भिंगाखाली सोडलेला ओळंबा त्या रेघेवर टेकायला हवा होता. तो बोटभर बाजूला लोंबत होता. तिकाटण्याचा एक पाय गुळगुळीत फरशीवर घसरला होता आणि पेटीचं तोंडही तिरपं झालं होतं.

"कमानीकडं बघून फिरवणार न्हाई," तो म्हणाला. "रेघेकडं बघून फिरवीन. मग जे दिसंल ते दिसंल."

त्याने तिन्ही पायांखाली गोणपाट घातलं. ओळंबा रेघेवर आणला. पेटीच्या दोन्ही कोपऱ्यांपासून जवळच्या दोन्ही खांबांपर्यंत दोरी ताणून अंतर सारखं केलं. कमानींचे माथे कापले जात होते, पण पेटीचं तोंड वर केलं असतं तर खांब एकमेकांकडे कलले असते. म्हणून त्याने नुसतं भिंग वर सरकवलं. मग कापडात शिरून दोरा लावला.

बराच वेळ तो बाहेर आला नाही.

"वाहेद," आतून आवाज आला, "तूच बघ."

वाहेदने पाहिलं, दोरा लावला, काढला, पुन्हा लावला. दोन्ही कमानी तंतोतंत होत्या. त्याने टोपी काढून पुन्हा नीट घातली.

आता उजेडाचं काम राहिलं होतं. दुपारची नमाज होऊन गेली होती, ऊन मशिदीच्या मागे वळलं होतं, त्यामुळे अंगणाकडून येणारा उजेड मऊ होता. दक्षिणेची खिडकी जास्त उजळायची, म्हणून बद्रीनाथने तिला मांजरपाटाची दुहेरी घडी लावली आणि उत्तरेच्या खिडकीला एकेरी. तरी मागची रांग काळोखातच होती. त्याने वाहेदच्या हातात आरसा दिला आणि त्याला अंगणाच्या टोकाला उन्हात उभं केलं.

"कवडसा खांबावर टाकू नको, सावल्या पडतील. वर चुन्याच्या छतावर टाक, तिथून तो आपोआप खाली पसरंल. आन हलवत ऱ्हा. इकडून तिकडं, तिकडून इकडं. थांबलास तर तिथंच डाग पडंल."

"माझ्या कमानीवर जरा जास्त टाकला तर?"

"तर ती एकटीच उजळ दिसंल आन मिस्त्रीला संशय येईल."

भिंगाचं तोंड बद्रीनाथने अगदी बारीक केलं होतं, जवळचा खांबही स्वच्छ यावा आणि मेहराबही. तेवढ्या उजेडात फोटो उमटायला वेळ लागणार होता. त्याने दुधी काचेच्या जागी फोटोची काच घातली आणि भिंगाचं टोपण काढलं. वाहेदचा कवडसा छतावरून डावीकडे गेला, उजवीकडे आला, परत डावीकडे. डाव्या कमानीवर येताना त्याचा हात जरा जड व्हायचा, पण तो थांबला नाही. टोपण बसलं तेव्हाच त्याने आरसा खाली टेकवला.

काच धुऊन कागदावर छापलेला फोटो दुसऱ्या दिवशी मिस्त्रीच्या हातात पडला. त्याने उशाचा दोरा घेतला आणि एकेक कमान मापली. मग फोटो आडवा धरून पाहिलं, उलटा धरून पाहिलं.

"माथ्याचा चावीचा दगड तू बसवला?" त्याने वाहेदला विचारलं.

"हां, भाई."

"सांगितलं कावून न्हाई, चांगला बसलाय म्हणून?"

"सांगितलं होतं. रोज."

मिस्त्री हसला. पडल्यापासून पहिल्यांदाच इतका मोकळा हसला. मग दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे, हजराबीकडे, त्याने फोटो पुढे केला. गावात बायका मशिदीत जात नसत. नवऱ्याने आयुष्यभर घडवलेलं दालन तिने आतून कधी पाहिलं नव्हतं.

तिने ओले हात पदराला पुसले आणि उजेडात जाऊन बसली. तिचं बोट पहिल्या दोन खांबांच्या मधून आत गेलं, मधल्या कमानीखालून सावकाश पुढे सरकत राहिलं आणि मेहराबीपाशी येऊन थांबलं.