दहापर्यंतचं गाणं

अठ्ठ्याऐंशी साली नरडाण्याजवळच्या आमच्या बालवाडीची खोली गावच्या आबांनी दिलेली होती. बौद्धवाड्यातली तीन पोरं दारातच बसतील, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मी एक गाणं रचलं आणि जमिनीवर खडूनं नाला काढला.

"एक! शेळी आली, डुबुक डुबुक, पार गेली!
दोन! म्हैस आली, डुबुक डुबुक, पार गेली!"

आकडा पोरांनी ओरडायचा, ‘डुबुक डुबुक’वर दोन टाळ्या वाजवायच्या आणि दर आकड्याला एकानं नाला ओलांडायचा. आकड्याआधी मी थांबायचे. तिथं थांबलं की त्या वयाच्या पोराला गप्प राहवतच नाही.

एके दिवशी आबा बघायला आले. सातची कोंबडी पार गेली आणि आत बसलेली पोरं संपली. मी थांबले ती थांबलेच.

"आठ!" आबांचीच नात ओरडली. दाराकडे धावली, तिथल्या एकीचा हात धरला आणि तिला ओढत नाल्यावर घेऊन आली.

"बाई, हाई काय शे?" आबा कडाडले.



"गाणं दहापर्यंत आहे, आबा. अजून दोघं यायचीत."