आत्याखालची चौकट

"और ये वाले अंकल?" उल्काने पेन्सिलीचं टोक तिसऱ्या चौकटीवर ठेवलं.

"अंकल नव्हे. तो अशोक, तुझ्या बाबांचा भाऊ. म्हणजे काका. त्याची बायको काकू. त्यांचा हेरंब तुझा चुलतभाऊ."

दिगंबररावांनी प्रत्येक शब्द आधी रद्दी कागदावर लिहून दाखवला. त्यांचं अक्षर मोठं आणि वाकडं होतं. सगळी उमर गवंडीकामात गेली होती. पन्नाशीला आल्यावर प्रौढांच्या वर्गात बसून ते अक्षरं शिकले होते. म्हणून शब्द लिहायचा म्हटला की ते अजूनही थापी धरल्यासारखी पेन्सिल धरत.

पंजाब धुमसत होता, ते अठ्ठ्याऐंशी साल. शहरात बंद होता आणि शाळेला दोन दिवस सुट्टी होती. सकाळीच रेडिओने रस्त्यात बस अडवून गोळीबार झाल्याची बातमी दिली होती. दिगंबररावांचा मुलगा मेजर विश्वास पहाटेच ड्यूटीवर गेला होता. चंडीमंदिर छावणीतल्या क्वार्टरमध्ये जेवणाच्या टेबलावर आजोबा आणि नात वंशवृक्षाचा तक्ता करत बसले होते. प्रत्येकाने आपल्या भाषेतली नाती लिहून आणायची, असं बाईंनी सांगितलं होतं. दहा वर्षांच्या उल्काला मराठी कळायची, पण तोंडातून हिंदीच यायची.

आईकडची फांदी भरभर भरली. सुरेश मामा, त्याची बायको मामी, त्यांची नयना मामेबहीण. शैलजा मावशी, तिचा मुलगा मावसभाऊ. मग दिगंबररावांनी एक गंमत सांगितली. उल्का एकच, पण अशोककाकाची ती पुतणी आणि सुरेशमामाची भाची. भावाला भावाची मुलगी पुतणी, बहिणीची मुलगी भाची. उल्का हसली. एकाच माणसाची इतकी नावं तिला फार आवडली.

"दादाजी और नानाजी?"

"दोघेही आजोबा."

"अलग नहीं? हिंदी में तो अलग है. पंजाबी में भी."

दिगंबरराव अडले. त्यांच्या हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. काका, मामा, आत्या, मावशी सगळं ओळंबा लावून सरळ केलेल्या भिंतीसारखं नेमकं, आणि नेमकं इथेच का ढिलं सोडलं? त्यांनी मान हलवली. म्हणाले, असेल बुवा, जुन्या माणसांना ठाऊक.

तेवढ्यात उल्काने अशोककाकाच्या शेजारी स्वतःच एक चौकट आखली आणि लिहिलं, 'आत्या'.

दिगंबररावांनी ती चौकट मुद्दाम सोडली होती. सरोज त्यांची एकुलती एक मुलगी. इथल्याच मोठ्या इस्पितळात परिचारिका होती. नऊ वर्षांपूर्वी तिने कुलवंतसिंगाशी लग्न केलं, त्या दिवसापासून त्यांनी तिचं नाव घेतलं नव्हतं. विश्वासची बदली इकडे झाल्यापासून भावाबहिणीचं फोनवर बोलणं व्हायचं. फोन वाजला की दिगंबरराव उठून मागच्या अंगणात जायचे. आज मात्र ते बातम्या संपल्यापासून अंगणात गेले नव्हते. फोनजवळच्याच खुर्चीत बसले होते.

"आत्या के हस्बंड?"

"आतोबा," ते म्हणाले. नात्याचा शब्द विचारला तर खोटं सांगवेना.

उल्काने लिहिलं. खाली आणखी एक चौकट काढली. "इसमें मिन्नी. मिन्नी मेरी कौन?"

"आतेबहीण."

"तो मैं भी उसकी आतेबहीण."

"नाही. चुलत आणि मावस दोन्हीकडून सारखेच असतात. हे मात्र उलटतं. तू तिची मामेबहीण. तिची आई तुझी आत्या, आणि तुझे बाबा तिचे मामा."

त्यांना सांगण्याची ऊब चढली होती. एकाच रेघेची दोन टोकं, दोन नावं. उल्काने बोट त्या रेघेवरून आत्यापर्यंत नेलं, तिथून वर सरकवलं आणि सगळ्यांत वरच्या चौकटीवर थांबवलं. तिथे दिगंबररावांनी स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहिलं होतं.

"और आप उसके?"

दिगंबरराव उठले. पाणी पितो म्हणाले, आणि माठाजवळ जाऊन उभे राहिले. त्यांनी पाणी घेतलंच नाही.

परत आले तेव्हा उल्काचं बोट मिन्नीच्या चौकटीवर होतं. बाईंना खरी नावं हवी होती, घरातली नकोत. मिन्नीचं शाळेतलं नाव तिला आठवत नव्हतं. तिने आजोबांकडे पाहिलं. दिगंबररावांनी खिडकीकडे पाहिलं. त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. नऊ वर्षांत कुणाला विचारलंच नव्हतं.

फोन वाजला.

स्मिता, त्यांची सून, गच्चीवर कपडे वाळत घालत होती. उल्का आईला हाक मारायला धावली. फोन वाजत राहिला. चौथ्या वेळी दिगंबररावांनी तो उचलला.

"मामाजी?" पलीकडून बारीक आवाज आला. उत्तराची वाट न पाहता तो घडाघडा बोलत सुटला. पप्पांनी फोन करायला सांगितलंय, मम्मी ठीक आहे, रस्ते बंद आहेत म्हणून ती इस्पितळातच थांबलीय, मामाजींनी काळजी करू नये.

दिगंबररावांनी खुर्चीची पाठ धरली.

"मामाजी? आप बोल क्यों नहीं रहे?" आवाज थबकला. "कौन बोल रहा है?"

त्यांनी टेबलावरच्या तक्त्याकडे पाहिलं. जुन्या माणसांनी तो एक शब्द मुलाच्या आणि मुलीच्या लेकरांसाठी सारखाच, ढिला का सोडला असेल, ते त्यांना तेव्हा कळलं.

"आजोबा," ते म्हणाले. मग फोन खांद्याशी धरून त्यांनी पेन्सिल उचलली. "बाळ, तुझं शाळेतलं नाव काय? हळू सांग. मला लिहायला वेळ लागतो."