लाल दिव्यापाशी

सिग्नलला उभ्या असलेल्या तिच्या गाडीवर मागून ट्रक आदळला, तेव्हापासून तिला गाडी चालवायची नव्हे, थांबवायची भीती वाटायची.

पहिला आठवडा ती पार्किंगमध्येच, इंजिन बंद ठेवून बसली. शेजारी थोरली जाऊ मटार सोलत बसायची. "छातीतली धडधड थांबेपर्यंत उतरायचं नाही," एवढंच म्हणायची. मग इंजिन सुरू करून बसणं, मग सोसायटीत फेऱ्या, मग रविवारी पहाटे रिकाम्या चौकापर्यंत. प्रत्येक टप्पा कंटाळा येईपर्यंत.

आज सकाळी दहाला, भर रहदारीत, लाल दिवा लागला. नव्वद सेकंद. पुढच्या गाडीपासून अंतर राखून ती थांबली, न्यूट्रल करून तिने हँडब्रेक ओढला. आरशात मागचा रस्ता अजून मोकळा होता. तिची नजर तिथून हलेना.

जावेने मूठभर शेंगा तिच्या मांडीवर टाकल्या. "सोल. हात रिकामेच आहेत ना?"

मागून हॉर्न वाजला. दिवा हिरवा झाला होता. तिने आरशात पाहिलं. आरसाभर ट्रक.

"हा कधी आला?"

"तू तिसरी शेंग सोलत होतीस तेव्हा."