डोळे, कप आणि मिटलेलं तोंड

स्टाफरूमच्या टेबलावरचे तीन फोन एकदमच थरथरले. माझा गप्पच राहिला.

शेजारच्या स्क्रीनवर 👀☕🤐 दिसलं. डोळे म्हणजे बातमी आहे, कप म्हणजे कँटीनमध्ये या, चेन लावलेलं तोंड म्हणजे जिची बातमी तिला कळू द्यायचं नाही. ही खूण मीच काढली होती, वैजयंतीबाईंचा नवरा घर सोडून गेला तेव्हा. त्यांना वगळून ग्रुपही मीच केला होता. आता माझ्याशिवायचा ग्रुप झाला होता.

तिघी कप घेऊन उठल्या. "तुमच्या वह्या राहिल्यात ना? आम्ही आलोच."

काल माझ्या मुलाला पोलीस घेऊन गेले होते.

खिडकीपाशी डबा खाणाऱ्या वैजयंतीबाईंनी शेजारची खुर्ची ओढली.

"बसा. त्या दिवशी माझाही फोन वाजला नव्हता."