लिहायचा, म्हणायचा नाही

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: भिलाईतलं एक किराणा दुकान, समोर लाकडी बाक. जवळच्याच रसमडा गावच्या कारखान्यात यंत्र बसवायला स्पेनहून आलेला मातेओ बाकावर टेकायला वाकला आणि नकळत त्याच्या तोंडून निघालं, “ओला!”

दुकानदार धोंडबानं नातीला हाक मारली, “करिष्मा, फडकं आण वं! बाक ओला हाये म्हणते. मले तर कोरडाच दिसते!”

मातेओनं खडूनं बाकावरच इंग्रजी अक्षरांत तो शब्द लिहिला. करिष्मानं वाचलं, “होला.”

“ओला,” त्यानं मोडक्या हिंदीत समजावलं. “आमचा नमस्कार. त्यातला एच लिहायचा, म्हणायचा नाही.”

मग रोजचंच झालं. तो म्हणे “ओला”, धोंडबा “कोरडा!” म्हणत बाक पुसे आणि दोघं चहा पीत.

मातेओ सुट्टीवरून परतला, तेव्हा त्याच्या “ओला”ला उत्तर आलं नाही. “धोंडबा?” त्यानं दुकानात बसलेल्या करिष्माला विचारलं. नाव ऐकताच आतून आजीचा हुंदका आला.



करिष्मानं खडू घेतला, बाकावर आजोबांचं नाव लिहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. “हे आता फक्त लिहायचं, काका.”